शेवटचे चार सेंटिमीटर

आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर पत्र्याची एक चौकोनी टाकी आहे. आतून मोजली तर एक मीटर लांब, एक मीटर रुंद, आणि काठोकाठ भरली की पाण्याची खोलीही एक मीटर. म्हणजे बरोबर हजार लिटर. टाकी दोन गर्डरांवर ठेवलेली आहे आणि तिच्या तळाला २५ मिलिमीटर व्यासाचे, ज्याला आपण एक इंची म्हणतो तसले, भोक आहे. एरवी त्यात रबरी बूच ठोकलेले असते. वर्षातून दोनदा टाकी धुवायची वेळ आली की बूच काढायचे, पाणी गच्चीवर सोडून द्यायचे आणि आत माणूस उतरवायचा.

एका रविवारी हे काम माझ्या गळ्यात पडले. बूच निघाले, पाणी धो धो वाहू लागले आणि मी घड्याळ लावून उभा राहिलो. सात मिनिटे उलटून काही सेकंद झाले तेव्हा टाकी बरोबर निम्मी झाली होती. मी हिशोब केला: निम्म्याला सात, तर सगळ्याला चौदा, धरून चला पंधरा. जिन्यात वाकून खाली ओरडलो, "पंधरा मिनिटांत टाकी रिकामी होतेय, मग धुवून लगेच पाणी सोडतो!"

टाकी धुवायला आलेला माणूस शांतपणे तंबाखू मळत होता. म्हणाला, "साहेब, अर्धा तास तरी सांगा. खालचं पाणी रेंगाळतं."

पंधरा मिनिटे झाली तेव्हा टाकीत १६ सेंटिमीटर पाणी शिल्लक होते. वीस मिनिटे झाली तरी चार सेंटिमीटर होतेच. ते चार सेंटिमीटर जायला आणखी पाच मिनिटे लागली, आणि त्यानंतरही तळाशी पातळ थर राहिला तो फडक्याने टिपावा लागला. दुसऱ्या मजल्यावरचे काका तोवर साबण लावून तयार होते. त्यांच्याशी पुढे जे बोलणे झाले ते इथे देत नाही.

माझी चूक कुठून आली हे मला माहीत आहे. ती शाळेतून आली. काळ, काम, वेग या प्रकरणातला हौद आपण सगळ्यांनी भरला आणि रिकामा केला आहे. एका नळाने हौद सहा तासांत भरतो, दुसऱ्या नळाने आठ तासांत रिकामा होतो, दोन्ही नळ एकदम सोडले तर किती वेळ लागेल? या गणितात रिकामा करणारा नळ मोठा शिस्तीचा असतो. हौद भरलेला असो की तळाला गेलेला, तो तासाला तेवढेच पाणी सोडतो. असा नळ मी अजून पाहिलेला नाही. खऱ्या टाकीच्या भोकातून पाणी किती जोराने येणार हे डोक्यावर किती पाणी उभे आहे यावर ठरते, आणि ते पाणी तर क्षणोक्षणी कमी होत असते.

प्रश्न एवढाच की जोर नेमका कसा कमी होतो. खोली निम्मी झाली तर वेगही निम्मा होतो का? पहिल्यांदा बहुतेक सगळे हेच म्हणतात. उत्तर आहे, नाही. खोली निम्मी झाली तरी वेग सुमारे ७१ टक्के राहतो. वेग निम्मा व्हायला खोली चौथा हिस्सा व्हावी लागते. गणिताच्या भाषेत, वेग खोलीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो.

हे पहिल्यांदा नीट मांडले एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली या इटालियन गणितज्ञाने, १६४४ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात. हा गॅलिलिओचा शेवटचा सहकारी. म्हातारा, आंधळा झालेला गॅलिलिओ फ्लॉरेन्सजवळच्या घरात नजरकैदेत होता, तेव्हा त्याच्या आयुष्यातले अखेरचे तीन महिने तोरिचेल्ली त्याच्याजवळ होता. हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची नळी त्याच्याच नावाने ओळखली जाते. टाकीचा नियम मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. गॅलिलिओने दगड कसा पडतो हे शोधले होते. तोरिचेल्लीने ओळखले की भोकातून येणारे पाणीसुद्धा पडणारा दगडच आहे.

हे समजायला फार काही लागत नाही. टाकीतून एक लिटर पाणी बाहेर गेले की आतल्या पाण्यात काय फरक पडतो? मधले पाणी जिथल्या तिथेच दिसते. हिशोबापुरते बोलायचे तर वरच्या पृष्ठभागावरचा एक लिटरचा पातळ पापुद्रा नाहीसा झाला आणि तेवढेच पाणी तळाच्या भोकातून बाहेर आले. जणू तो पापुद्राच वरून खाली पडला. मग त्याला वेगही तेवढाच मिळणार, जेवढा त्या उंचीवरून सोडलेल्या दगडाला मिळतो. एक मीटरवरून टाकलेला दगड जमिनीवर येतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ४.४३ मीटर असतो. पाव मीटरवरून टाकलेल्याचा याच्या निम्मा. पडण्याची उंची चौपट केली तर वेग दुप्पट होतो. टाकीतले वर्गमूळ येते ते इथून.

तोरिचेल्लीचा युक्तिवाद याच्या उलट बाजूने होता. भोकाला वर वळलेली तोटी लावली तर कारंजे जवळजवळ टाकीतल्या पाण्याच्या पातळीपर्यंत चढते. हवेचा अडथळा आणि खाली पडणाऱ्या थेंबांचा मार यांमुळे थोडे कमी पडते, पण जवळपास तिथपर्यंत जाते. जे पाणी तेवढे वर चढू शकते त्याचा निघतानाचा वेग तेवढ्या उंचीवरून पडणाऱ्या वस्तूइतकाच असला पाहिजे.

आता वेळ काढू. कॉलेजात हे कलनाने शिकवतात आणि तिथेच बहुतेकांची या विषयावरची वासना उडते. पण वर्गमुळाचा नियम दुसऱ्या एका अगदी ओळखीच्या ठिकाणी दिसतो आणि तिथून कलनाशिवाय पलीकडे जाता येते.

एक चेंडू सरळ वर फेका. वर जाताना तो मंदावत जातो आणि माथ्याशी क्षणभर थांबतो. माथा अजून किती दूर आहे, त्या अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चेंडूचा त्या क्षणीचा वेग असतो. हाच पडत्या दगडाचा नियम, फक्त उलटा वाचलेला. टाकीतल्या पाण्याची पातळीही तेच करते. तळ अजून किती दूर आहे त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ती खाली सरकते. म्हणजे टाकीतली पातळी हा खाली फेकलेला, पण वर फेकल्यासारखा मंदावणारा चेंडू आहे. त्याचा माथा म्हणजे टाकीचा तळ.

चेंडू एकसारखा मंदावतो, दर सेकंदाला सारखाच. म्हणून त्याचा सरासरी वेग सुरुवातीच्या वेगाच्या बरोबर निम्मा असतो. पातळीचेही तसेच. सुरुवातीची धार शेवटपर्यंत टिकली असती तर जेवढा वेळ लागला असता, त्याच्या बरोबर दुप्पट वेळ टाकीला प्रत्यक्षात लागतो. दुप्पट म्हणजे अंदाजे दुप्पट नव्हे, नेमका दुप्पट. सरळ भिंतींची कुठलीही टाकी घ्या, केवढेही भोक घ्या, हे बदलत नाही.

यातून जे सूत्र निघते ते मला फार आवडते, कारण पाठ्यपुस्तकात ते चिन्हांखाली असे काही दडपलेले असते की त्याचा अर्थ दिसतच नाही:

रिकामे होण्याचा वेळ = (टाकीचे क्षेत्रफळ ÷ भोकाचे क्षेत्रफळ) × (तेवढ्या उंचीवरून दगड पडायला लागणारा वेळ)

आमच्या टाकीचे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. २५ मिलिमीटर व्यासाच्या भोकाचे सुमारे ४९१ चौरस मिलिमीटर. भागाकार केला तर टाकी भोकाच्या २,०३७ पट भरते. एक मीटरवरून दगड पडायला ०.४५ सेकंद लागतो. गुणाकार येतो सुमारे ९२० सेकंद, म्हणजे सव्वापंधरा मिनिटे. टाकी म्हणजे दगडाचेच पडणे, पण दोन हजार पटींनी लांबवलेले.

पण गच्चीवर तर पंचवीस मिनिटे लागली. मग सव्वापंधरा कुठून आले? इथे पाण्याची एक खोड आडवी येते. तळाच्या भोकाकडे पाणी सगळ्या बाजूंनी धावत येते, आणि कडेने आलेले पाणी भोकाशी पोचल्यावर काटकोनात वळू शकत नाही. ते आत झुकलेलेच बाहेर पडते. त्यामुळे भोकाच्या थोडे खाली धार भोकापेक्षा बारीक झालेली असते. पत्र्यासारख्या पातळ, धारदार काठाच्या भोकातून जेवढे पाणी हिशोबाने यायला हवे त्याच्या साधारण ६१ टक्केच येते. पाण्याचा वेग जवळजवळ पूर्ण असतो. आकसते ती धारेची जाडी. या आकसण्याने न्यूटनलासुद्धा चकवले होते. १६८७ च्या पहिल्या आवृत्तीत त्याने धारेचा वेग चुकीचा काढला, आणि १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत धार बारीक होते हे ध्यानात घेऊन तो दुरुस्त केला. माझी रविवारची चूक त्यामुळे मला जरा हलकी वाटते.

९२० ला ०.६१ ने भागले की १,५०८ सेकंद येतात. पंचवीस मिनिटे आणि वर काही सेकंद.

या टाकीचे आकडे मुद्दाम सोयीचे निघाले आहेत, तर त्यांचा फायदा घेऊ. पंचवीस मिनिटांचे पाच-पाच मिनिटांचे पाच भाग करा. पहिल्या पाच मिनिटांत ३६० लिटर जातात, दुसऱ्यात २८०, तिसऱ्यात २००, चौथ्यात १२० आणि शेवटच्या पाचात फक्त ४०. प्रत्येकाला ४० ने भागा: नऊ, सात, पाच, तीन, एक. विषम संख्या, उलट्या क्रमाने. पडणारा दगड सारख्या वेळात एक, तीन, पाच, सात या प्रमाणात अंतर कापतो हे गॅलिलिओने सांगितले होते. टाकी तीच माळ उलटी जपते, हे तोरिचेल्लीने. आणि दर पाच मिनिटांनी उरलेली खोली मोजाल तर १००, ६४, ३६, १६, ४ आणि शून्य सेंटिमीटर. दहा, आठ, सहा, चार, दोन यांचे वर्ग.

शेवटचे चार सेंटिमीटर पाच मिनिटे का खातात ते इथे दिसते. सुरुवातीला तेवढेच पाणी अर्ध्या मिनिटात गेले होते.

मोजमाप करायला पट्टी नसेल तरी एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाऊण टाकी रिकामी होते तेव्हा बरोबर अर्धा वेळ झालेला असतो, कारण पाव खोलीचे वर्गमूळ निम्मे. म्हणून निम्म्या टाकीवर घड्याळ पाहून दुप्पट करू नका, पाऊण टाकी जाईपर्यंत थांबा आणि मग दुप्पट करा. यात भोकाचा व्यास लागत नाही, धार किती आकसते तेही लागत नाही. ते सगळे तुमच्या मोजलेल्या मिनिटांत आलेलेच असते. मी त्या दिवशी साडेबारा मिनिटे थांबलो असतो तर काकांचा साबण वाचला असता.

आता त्या शाळेतल्या हौदाकडे परत जाऊ, कारण त्याच्याशी माझा हिशोब बाकी आहे. समजा आमची टाकी वरच्या नळाने पंचवीस मिनिटांत भरते आणि खालच्या भोकातून पंचवीस मिनिटांतच रिकामी होते. दोन्ही एकदम चालू ठेवले तर? पुस्तकाप्रमाणे, जेवढे येते तेवढे जाते, म्हणून पातळी जिथे असेल तिथेच राहील. प्रत्यक्षात काय होते पाहा. वरून मिनिटाला ४० लिटर येतात. टाकी पूर्ण भरलेली असेल तर खालून मिनिटाला ८० लिटर जातात, म्हणून पातळी उतरू लागते. उतरता उतरता २५ सेंटिमीटरवर आली की वेग निम्मा होतो, ४० लिटर येतात आणि ४० जातात. तिथे ती थांबते. टाकी रिकामी असताना सुरुवात केली तरी पातळी चढून चढून त्याच २५ सेंटिमीटरच्या जवळ येते. भरलेली असो, रिकामी असो, शेवट एकच. शाळेतल्या हौदाला असे घरचे ठिकाण नसते.

म्हणून कुठल्याही हौदात पाणी येतही असेल आणि झिरपतही असेल, तर त्याची पातळी एका जागी स्थिर दिसते यावरून गळती नाही असे समजू नये. ती फक्त दोन्हीचा मेळ बसलेली जागा दाखवते.

वर्गमुळाच्या नियमात आणखी एक गंमत आहे. समजा वेग वर्गमुळाच्या नव्हे, थेट खोलीच्या प्रमाणात असता. लांब आणि अतिशय बारीक नळीतून काकवी किंवा मध हळूहळू सोडला तर जवळजवळ तसेच होते, कारण तिथे सगळा जोर चिकटपणाशी झगडण्यात जातो. मग पहिले निम्मे जायला जेवढा वेळ, तेवढाच उरलेल्याचे निम्मे जायला, पुन्हा तेवढाच पावाचे निम्मे जायला. हिशोबाने असे भांडे कधीच रिकामे होत नाही. पाण्याच्या टाकीचे तसे नाही. ती मंदावते, पण ठरलेल्या क्षणी खरोखर संपते. आणि संपली की मागचा माग पुसून टाकते. काकवीच्या भांड्यात किती उरली आहे ते पाहून ते किती वेळापूर्वी भरलेले होते हे निदान तत्त्वतः काढता येईल; कोरडी टाकी पाहून मात्र ती पाच मिनिटांपूर्वी रिकामी झाली की काल रात्री, हे जगातले कुठलेही गणित सांगू शकत नाही. बूच काढून ठेवणाऱ्याने खोटे बोलायचे ठरवले तर त्याला हा नियम पूर्ण सहकार्य करतो.

अशा मंदावणाऱ्या पाण्यावर घड्याळ चालवायचे तर पंचाईत आहे, कारण पातळीच्या खुणा सारख्या अंतरावर ठेवून चालत नाही. इजिप्तमध्ये कर्नाकच्या मंदिर परिसरात सापडलेले सुमारे चौतीसशे वर्षांपूर्वीचे पाणघड्याळ वरती रुंद आणि खाली निमुळते आहे. तळाकडे धार मंदावते, म्हणून तिथे भांडेही अरुंद. पातळी बरीचशी सारख्या वेगाने उतरते. अगदी अचूक सारखी उतरवायची तर रुंदी दुप्पट व्हायला उंची सोळापट व्हावी लागेल असा आकार हवा. तो तिरक्या सरळ भिंतींचा नसतो, तळाशी पसरट आणि बाजूंनी उभा चढत जाणारा असतो.

आपल्याकडच्या घटिकापात्राने हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सोडवला, आणि माझ्या मते जास्त हुशारीने. तांब्याची वाटी, तिच्या बुडाला बारीक भोक, आणि ती पाण्याने भरलेल्या घंगाळात तरंगत सोडलेली. भोकातून पाणी आत येते आणि २४ मिनिटांनी वाटी बुडते. ती एक घटिका. लग्नाचा मुहूर्त गाठायला ही वाटी आपल्याकडे मांडत असत, आणि घटका भरली हा शब्दप्रयोग तिच्यामुळेच आपल्या तोंडात राहिला. इथे पाणी बाहेर जात नाही, आत येते, आणि त्याला ढकलणारी खोली म्हणजे बाहेरच्या आणि आतल्या पातळीतला फरक. तो फरक वाटीच्या वजनाने ठरतो. वाटीचे वजन काही बदलत नाही, म्हणून उभ्या भिंतींच्या भांड्यात हा फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ तोच राहतो. गोल वाटीत तो थोडा बदलतो, पण बिघडत काहीच नाही, कारण कोणी मधल्या खुणा वाचतच नाही. फक्त बुडण्याचा क्षण पाहायचा, वाटी काढायची आणि पुन्हा सोडायची.

आता हा हिशोब कुठे फसतो ते सांगायला हवे, नाहीतर कोणीतरी उद्या आपल्या टाकीवर लावेल आणि मला शिव्या देईल.

सगळ्यात मोठी चूक खोली कुठून मोजायची यात होते. आमच्या टाकीचे पाणी भोकातून थेट हवेत पडत होते, म्हणून खोली भोकापर्यंत मोजली. पण त्याच टाकीला पाइप जोडून तो नऊ मीटर खाली अंगणात सोडला आणि पाइप भरून वाहू लागला, तर दगड पडतो तो पृष्ठभागापासून पाइपच्या खालच्या तोंडापर्यंत. टाकी भरलेली असताना ही उंची दहा मीटर, टाकी संपत आली तेव्हा नऊ. दोन्हींच्या वर्गमुळांत फरक जेमतेम पाच टक्क्यांचा. पाइपातल्या घर्षणाने पाणी बरेच कमी येईल, पण जे येईल ते शेवटपर्यंत जवळपास एकसारखे. म्हणजे इथे शाळेतला शिस्तीचा नळ सापडला म्हणायचा! खालच्या मजल्यावरच्या लोकांना वरची टाकी संपत आल्याचा पत्ता का लागत नाही, आणि सर्वात वरच्या मजल्यावरच्यांना तो आधीच का लागतो, त्याचे कारणही हेच.

दुसरी अडचण शेवटच्या दोनतीन सेंटिमीटरांची. पाण्याची खोली भोकाच्या व्यासाएवढी झाली की वर भोवरा तयार होतो, त्याच्या मधून हवा भोकात शिरते आणि धार गुरगुरू लागते. भोकाची निम्मी जागा हवेने अडवली की पाणी त्याहून हळू जाते. शिवाय अगदी पातळ थर पत्र्याला चिकटून बसतो. त्यामुळे आमच्या टाकीतला शेवटचा आकडा शून्य असा कधी आलाच नाही. सूत्राने पंचवीस मिनिटे सांगितली की त्यावर फडक्याची पाच मिनिटे धरावीत. तंबाखू मळणाऱ्याचा अर्धा तास असा भरतो.

आणि टाकीचे झाकण घट्ट असेल तर नियम सुरूच होत नाही. पाणी गेले की त्या जागी हवा यायला हवी. ती न आल्यास आत दाब घटतो, धार मंदावते, मग भोकातूनच बुडबुडे वर चढतात आणि पाणी हिसके देत येते. धार अशी थबकत येऊ लागली की भोकात खिळा घालण्याआधी झाकण उचलून पाहावे.

हे सगळे पडताळायला टाकीची गरज नाही. दोन लिटरची, सरळ भिंतींची प्लास्टिकची बाटली घ्या. तळाच्या वर, जिथे भिंत सरळ होते तिथे, तापवलेल्या खिळ्याने चार मिलिमीटरचे भोक पाडा आणि त्याच्या कडेला वितळून आलेला प्लास्टिकचा उंचवटा ब्लेडने साफ करा. भोकाच्या मध्यापासून वर मोजत बाटलीवर १, ४, ९ आणि १६ सेंटिमीटरवर खुणा करा. वर्ग संख्यांच्या या खुणांमधली अंतरे सात, पाच, तीन अशी घटत जातात, पण पाण्याला त्या प्रत्येक टप्प्याला सारखाच वेळ लागला पाहिजे. बाटलीचा व्यास दहा सेंटिमीटर असेल तर हा वेळ पाऊण मिनिटाच्या आसपास येतो. एखादा टप्पा भलताच लांबला तर नियमावर शंका घेण्याआधी भोकात कचरा अडकला आहे का ते पाहा. एकच्या खुणेखालचा टप्पा मोजू नका; तिथे धार तुटून पाणी भिंतीवरून ओघळू लागते.

बाटली बेसिनच्या काठावर ठेवा, मोबाइलचे घड्याळ एखाद्या मुलाच्या हातात द्या, आणि झाकण काढायला विसरू नका.